उशीर होण्याआधीच उशिराची चौकशी

इस्रायलमध्ये १९७०च्या दशकात माध्यमिक शाळांसाठी एक नवा अभ्यासक्रम आणि त्याचं पाठ्यपुस्तक तयार करण्याचं काम चाललं होतं. निर्णय कसे घ्यावेत, हा त्याचा विषय. गटात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन होते, काही अनुभवी शिक्षक होते आणि अभ्यासक्रम-रचनेचे जाणकार सीमोर फॉक्स होते. सुमारे वर्षभर नियमित बैठका झाल्या, एक-दोन प्रकरणंही लिहून झाली. मग एके दिवशी कानेमन यांनी सगळ्यांना एक प्रश्न विचारला: पुस्तकाचा मसुदा शिक्षण मंत्रालयाकडे जायला अजून किती काळ लागेल? प्रत्येकाने आपापला अंदाज कागदावर लिहून दिला. दीड वर्षापासून अडीच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यात सगळे अंदाज होते.

त्यानंतर कानेमन यांनी फॉक्स यांना वेगळा प्रश्न केला. अशा प्रकारचं काम हाती घेतलेले दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती काळ लागला? फॉक्स थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, साधारण चाळीस टक्के गटांचं काम पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आपला गट त्यांच्यापेक्षा सरस आहे का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, सरासरीहून थोडा कमीच. पुस्तक अखेर आठ वर्षांनी पूर्ण झालं. तोवर मंत्रालयाचा उत्साह मावळला होता आणि ते कधी वापरलंच गेलं नाही.

ही हकीकत कानेमन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. तिच्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की खरी माहिती त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती होती. आणि ती ज्यांच्याजवळ होती त्या फॉक्स यांनीही काही मिनिटांपूर्वी कागदावर इतरांसारखाच अंदाज लिहिला होता. त्यांनी काही लपवलं नव्हतं. जुना अनुभव बाहेर येईल असं तोवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

कामाचं वेळापत्रक कोलमडतं तेव्हा नंतरच्या चौकशीत बहुतेक वेळा हेच आढळतं. पाणी कमी पडणार हे शिपायाला माहीत असतं, बिल कुठल्या टेबलावर अडतं हे लिपिकाला माहीत असतं, मजूर कधी गावी जातात हे मुकादमाला माहीत असतं. वेळापत्रक करताना यांपैकी कुणाला विचारलेलं नसतं, किंवा विचारलं तरी ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलेलं असतं. या प्रश्नाला मालकासमोर, साहेबांसमोर एकच उत्तर मिळतं: नाही, काही अडचण नाही.

यावर गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी रीत सुचवली. आगीच्या ठिकाणी अग्निशमन दलाचे अधिकारी क्षणात निर्णय कसे घेतात, याच्या अभ्यासासाठी क्लाइन ओळखले जातात. त्यांनी या रीतीला ‘प्री-मॉर्टेम’ म्हटलं, आणि सप्टेंबर २००७च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या त्यांच्या छोट्या लेखामुळे ती उद्योगजगतात पसरली. मृत्यूनंतर शवचिकित्सा करून कारण शोधतात, त्याने डॉक्टरांना शिकायला मिळतं, पण रुग्णाला काही उपयोग होत नाही. ही तपासणी काम जन्माला येण्याआधीच करायची, एवढाच त्या नावाचा अर्थ.

रीत अशी. आराखडा तयार आहे, पण काम सुरू झालेलं नाही, अशा वेळी कामाशी संबंधित सगळ्यांना एकत्र बसवायचं. प्रमुखाने सांगायचं, ‘समजा आपण पुढच्या काळात गेलो आहोत. हे काम सपशेल फसलं आहे. फसलं, यात शंका नाही. आता पुढची काही मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून, ते का फसलं याची जेवढी कारणं सुचतील तेवढी लिहायची.’ मग एकेकाने आपल्या कागदावरचं एकेक कारण वाचायचं, पुन्हा पहिल्यापासून फेरी, असं सगळे कागद रिकामे होईपर्यंत. सगळी कारणं फळ्यावर आली की त्यांच्याकडे पाहून आराखडा दुरुस्त करायचा.

यात ‘फसेल का?’ असं विचारत नाहीत, ‘फसलं आहे, का फसलं?’ असं विचारतात. फरक वरवर फक्त काळाचा वाटतो, पण डेबोरा मिचेल, जे रूसो आणि नॅन्सी पेनिंग्टन या तीन संशोधकांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून वेगळंच दिसलं होतं. घटना भूतकाळातली आहे की भविष्यातली, याने फारसा फरक पडत नव्हता. ती नक्की घडली आहे असं धरलं, की लोक जास्त कारणं सांगत होते आणि ती जास्त नेमकी असत. जे होईल की नाही ठाऊक नाही त्याबद्दल माणूस मोघम बोलतो. जे झालंच आहे त्याचा तो मागोवा घेतो. म्हणून ‘समजा उशीर झाला तर’ असं म्हणून चालत नाही, ‘उशीर झालेला आहे’ असंच म्हणावं लागतं. बैठक चालवणाऱ्याने हे वाक्य डळमळीत आवाजात म्हटलं, की निम्मी ताकद तिथेच जाते.

दुसरा लाभ माणसांच्या वागण्यातला आहे. एरवीच्या बैठकीत शंका काढणारा माणूस अपशकुनी ठरतो. इथे शंका काढणं हेच काम असतं, आणि जो जास्त बारीक कारण शोधतो तो हुशार ठरतो. क्लाइन यांनी आपल्या लेखात अमेरिकी हवाई मोहिमांची आखणी करणाऱ्यांसाठी चाललेल्या एका संगणकीय प्रकल्पाचा प्रसंग दिला आहे. सुरुवातीच्या लांबलचक बैठकीत एक सदस्य गप्प होता. प्री-मॉर्टेममध्ये तो म्हणाला, की यातली एक गणनपद्धत प्रत्यक्ष वापरातल्या लॅपटॉपवर नीट बसणार नाही, उत्तर यायला तास लागतील आणि वापरणाऱ्याला ते लगेच हवं असेल. मग कळलं, की ती पद्धत रचणाऱ्यांनी त्यावरचा एक जवळचा मार्ग आधीच शोधून ठेवला होता, फक्त तो बोलून दाखवायला ते कचरत होते. अडचण आणि उपाय दोन्ही एकाच खोलीत होते.

क्लाइन यांचा प्रश्न कामाच्या अपयशाचा आहे. आपल्याला वेळापत्रकाची काळजी असेल, तर त्याला थोडं वेगळं वळण द्यावं लागतं. ‘फसलं’ म्हटलं, की लोक भ्रष्टाचार, राजकारण, निधी अशा मोठमोठ्या कारणांकडे वळतात. ‘काम नीट झालं, पण अकरा आठवडे उशिरा झालं’ असं म्हटलं, की त्यांचं लक्ष कामांच्या सांध्यांकडे जातं. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याच्या मधली वाट पाहणं, सही, मोजमाप, मालाची गाडी, माणसांचं येणं. उशीर बहुतेक तिथेच राहतो. एका भिंतीचं विटकाम आठ दिवसांचं असेल, तर ते बारा दिवसांवर जाईल. पण विटकाम सुरू होण्याआधीची वाट पाहणी शून्य दिवसांवरून तीस दिवसांवर सहज जाते, कारण ती वेळापत्रकात लिहिलेलीच नसते.

हे एका उदाहरणाने नीट पाहू. एका तालुक्याच्या गावात खासगी संस्थेची माध्यमिक शाळा आहे असं धरा. तळमजल्याच्या इमारतीवर तीन वर्गखोल्या बांधायच्या आहेत. शाळा १५ जूनला उघडते, पाऊसही त्याच सुमाराला येतो. काम ५ जानेवारीला, सोमवारी सुरू करायचं ठरलं आहे. ठेकेदाराने दिलेलं वेळापत्रक असं: जुन्या इमारतीची तपासणी दोन आठवडे, गच्चीवरचा कोबा फोडणं एक आठवडा, कॉलम दोन आठवडे, बीम-स्लॅबचं सेंट्रिंग आणि सळई तीन आठवडे. म्हणजे स्लॅब २ मार्चला. मग टेकू काढेपर्यंत दोन आठवडे, विटकाम तीन, प्लास्टर तीन, फरशी दोन, आणि दारं-खिडक्या, वीज, रंग मिळून तीन आठवडे. एकूण २१ आठवडे, १ जूनला काम संपतं, हाती दोन आठवडे उरतात. कागदावर यात खोट काढता येत नाही.

बैठक नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठेवायची, ठेकेदाराशी करार होण्याआधी. करार झाला, आगाऊ रक्कम गेली आणि भूमिपूजनाची पत्रिका छापली, की मग कुणी कितीही खरं बोललं तरी बदलायला जागा राहत नाही, आणि लोकांना ते कळतं. बोलवायचं कुणाला, हा त्याहून मोठा प्रश्न. संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक, अभियंता आणि ठेकेदार हे चौघे एरवीही असतात. त्यांच्याबरोबर मुकादम, वायरमन, शाळेचा लिपिक, शिपाई आणि परीक्षेचं काम पाहणारे शिक्षक हवेत. आठ-दहा जण पुरेत. वीस झाले, की पुन्हा सभा होते आणि भाषणं सुरू होतात.

प्रश्न असा मांडायचा: ‘आज ३१ ऑगस्ट आहे. मुलं अजून नव्या वर्गात बसलेली नाहीत, दोन वर्ग व्हरांड्यात भरत आहेत. बांधकाम चांगलं झालं आहे, पण अकरा आठवडे उशिरा चाललं आहे. का?’ दहा मिनिटं शांतता. इथे क्लाइन यांच्या रीतीत एक बदल मी आग्रहाने सुचवेन. मोठ्याने वाचण्याची फेरी आपल्याकडे सचिवांपासून सुरू होते आणि मुकादमापर्यंत पोचेतो त्याच्या कागदावरचं अर्धं त्याने मनातून खोडलेलं असतं. त्यापेक्षा एका चिठ्ठीवर एकच कारण, नाव न लिहिता, सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात, आणि वाचणारी व्यक्ती बाहेरची. दुसऱ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक चालतील. ज्यांना लिहिण्याचा सराव नाही, त्यांच्याशेजारी ही बाहेरची व्यक्ती बसेल आणि सांगितलेलं लिहून घेईल. सचिव आणि ठेकेदार सर्वांत शेवटी बोलतील. स्पष्टीकरणं देण्याची आणि ‘त्याची सोय मी करतो’ म्हणण्याची ही वेळ नव्हे, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं.

आता चिठ्ठ्या. पहिल्या काही अपेक्षित असतात: ‘पैसे वेळेवर मिळाले नाहीत’, ‘मजूर मिळाले नाहीत’, ‘पाऊस लवकर आला’. या अजून कारणं झालेली नाहीत, त्यांना खणावं लागतं. कुठलं बिल? कुणाच्या टेबलावर? किती दिवस? असं विचारलं की लिपिक सांगतो: धनादेशावर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात, अध्यक्ष मुंबईला असतात, महिन्यातून एकदा येतात, आणि मार्चअखेरीला हिशेब बंद करायचे म्हणून शेवटचे दहा दिवस बिलं कुणी हातात घेत नाही. आता हे कारण झालं. त्यात जागा आहे, माणूस आहे, दिवस आहेत, आणि म्हणून त्यावर काही करता येतं.

शिपायाची चिठ्ठी म्हणते, शाळेच्या बोअरचं पाणी एप्रिलमध्ये खाली जातं, पिण्यापुरतंच राहतं. विटकाम आणि प्लास्टर नेमकं तेव्हाच चालणार, आणि त्यावर पाणी मारायलाच पाणी नसेल. वायरमनची चिठ्ठी म्हणते, पंखे आणि दिवे कुठे हवेत ते अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स स्लॅबमध्ये काँक्रीट पडण्याआधी बसवावे लागतात. ते ठरेपर्यंत स्लॅब थांबेल, किंवा थांबणार नाही आणि नंतर तो फोडावा लागेल. खिडक्यांची चिठ्ठी कुणाची ते कळत नाही: फॅब्रिकेटर प्लास्टर झाल्यावर माप घेणार आणि मग तीन आठवड्यांनी माल देणार, पण वेळापत्रकात दारं-खिडक्या, वीज आणि रंग या सगळ्यांना मिळून तीन आठवडे आहेत.

मग परीक्षेचं काम पाहणाऱ्या शिक्षकांची चिठ्ठी. शाळा दहावीच्या परीक्षेचं केंद्र आहे. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालणार. पेपरच्या वेळी आवारात बाहेरची माणसं चालत नाहीत, आणि डोक्यावर काँक्रीटचा मिक्सर फिरत असताना मुलांनी गणिताचा पेपर लिहायचा हे तर नाहीच. स्लॅबची तारीख २ मार्च. परीक्षा मंडळाचं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या दालनात होतं आणि बांधकामाचं ठेकेदाराच्या फाइलीत. ही दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणी पाहिलीच नव्हती. कुणी चुकार नव्हतं, दोन माणसांच्या मधली जागा रिकामी होती.

आणि एक चिठ्ठी अशी, जी बिननावाची असल्यामुळेच येते: ‘सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू एकाच संचाचे आहेत. शेजारच्या गावात दुसरं काम चालू आहे. तिथला स्लॅब लांबला तर इथे प्लेटा येणार नाहीत. आणि सेंट्रिंगवाले होळीला गावी गेले की पंधरा-वीस दिवस परतत नाहीत.’ हे मुकादमालाच ठाऊक असतं. ठेकेदारालाही ठाऊक असतं, पण काम मिळवताना ते सांगण्याची रीत नाही. इथे वाचणाऱ्याने ठेकेदाराकडे बघूसुद्धा नये. चिठ्ठी फळ्यावर लिहावी आणि पुढची उचलावी.

अभियंत्याची चिठ्ठी सर्वांत जड. जुन्या इमारतीचे नकाशे सापडत नाहीत. जुने कॉलम वरच्या मजल्याचं वजन पेलतील हे तपासणीनंतरच कळेल, आणि ते पुरेसे निघाले नाहीत तर त्यांच्याभोवती नव्याने सळई आणि काँक्रीट घालून त्यांना मजबूत करावं लागेल. ते काम निघालं तर बाकीच्या वेळापत्रकाला अर्थच उरत नाही. आणि ही तपासणी ठेवली आहे काम सुरू झाल्यावर, पहिल्या दोन आठवड्यांत.

सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या, की त्या कुठे गोळा होतात ते पाहायचं. या कामात त्या स्लॅबच्या दिवसाभोवती गोळा होतात. त्या एका दिवशी प्लेटा लागलेल्या हव्यात, सळई बांधलेली हवी, विजेचे पाइप बसलेले हवेत, काँक्रीट टाकणारी टोळी हजर हवी आणि आवार मोकळं हवं. पाच गोष्टी. यातली प्रत्येक गोष्ट दहापैकी नऊ वेळा वेळेवर होते असं उदार मनाने धरू, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असंही धरू. तरी पाचही त्याच दिवशी तयार असण्याची शक्यता ०.९ पाच वेळा गुणून येते, म्हणजे शंभरात सुमारे ५९. प्रत्येक माणूस ‘माझं नव्वद टक्के नक्की’ म्हणतो आणि तो खरंच बोलत असतो. तरीही सगळ्यांचं मिळून चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा चुकतं. नदीला जिथे ओढे मिळतात तिथे पूर आधी येतो, तसं वेळापत्रकातही जिथे अनेक कामं एका तारखेला येऊन मिळतात तिथेच आधी पाहावं.

आता दुरुस्ती. ती कुठून करायची हे फळ्यावरच दिसू लागतं. कॉलमची तपासणी नोव्हेंबरमध्येच करायची, करारावर सही होण्याआधी. त्यासाठी लागणारा खर्च संस्थेने वेगळा करायचा. निकाल वाईट आला तर काम पुढच्या वर्षी जाईल, पण अर्धवट फोडलेली गच्ची घेऊन पावसाळ्यात कुणी बसणार नाही. निकाल चांगला आला, तर जानेवारीतले ते दोन आठवडे मोकळे होतात आणि पुढचं सगळं दोन आठवडे अलीकडे सरकतं. स्लॅब १६ फेब्रुवारीला येतो, म्हणजे परीक्षेच्या आधी आणि होळीच्याही आधी.

तरी काम इथे संपत नाही, कारण टेकू काढण्याचा प्रश्न राहतो. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवावे लागतात, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचेही तितकेच. राखमिश्रित सिमेंट असेल तर अभियंता त्याहून जास्त दिवस सांगू शकतो. १६ तारखेचा स्लॅब धरला तर १४ दिवस २ मार्चला, सोमवारी पूर्ण होतात, आणि होळी त्याच आठवड्यात असेल तर टोळीची गाडी आदल्या रात्रीची. अशा वेळी एक दिवस आधी सेंट्रिंग खोलण्याचा मोह होतो, आणि बांधकामातले काही वाईट अपघात अशाच मोहातून होतात. शिवाय लोखंडी प्लेटा पडतात त्याचा दणदणाट पेपरच्या दिवशी चालणार नाही. म्हणून स्लॅब एक दिवस अलीकडे, रविवारी १५ फेब्रुवारीला टाकायचा. १४ दिवस रविवारी १ मार्चला पूर्ण होतात. शाळेला सुट्टी, पेपर नाही, टोळी अजून गावात. हा एक दिवसाचा बदल बैठकीशिवाय कुणाला सुचला नसता, कारण त्यासाठी मानकातले दिवस, परीक्षेचं वेळापत्रक आणि मजुरांची होळी या तिन्ही गोष्टी एकाच फळ्यावर असाव्या लागतात. पुढे टेकू आणखी ठेवायचे ठरले, तर मात्र खोलणारे दोन-चार माहीतगार स्थानिक लोक आधीच सांगून ठेवावे लागतील. हाही निर्णय आजच घेता येतो.

बाकीच्या दुरुस्त्या सोप्या आहेत. पंखे-दिव्यांच्या जागा मुख्याध्यापकांनी डिसेंबरमध्ये नकाशावर सही करून द्यायच्या. खिडक्यांचं माप प्लास्टरनंतर घेण्याऐवजी नकाशात पक्कं करायचं आणि विटकामात तेवढीच जागा सोडायची. फॅब्रिकेटरला मागणी मार्चमध्येच जाईल. पाण्यासाठी एप्रिलचे टँकर आत्ताच अंदाजपत्रकात धरायचे. धनादेशांसाठी अध्यक्षांच्या अनुपस्थितीत दुसऱ्या विश्वस्ताची सही चालेल असा ठराव संस्थेच्या पुढच्याच सभेत घ्यायचा, आणि मार्चमधलं बिल २० तारखेआधी मांडायचं. नवं वेळापत्रक १७ मेच्या सुमाराला संपतं, शाळा उघडेपर्यंत चार आठवडे हाती राहतात. हे चार आठवडे कुणाच्या कामात वाटून टाकायचे नाहीत. वाटले, की प्रत्येक जण आपापला आठवडा सावकाश वापरून टाकतो आणि शेवटी पुन्हा दोनच उरतात.

प्लेटांच्या चिठ्ठीवर मात्र पूर्ण उपाय नाही. शेजारच्या गावचं काम आपल्या हातात नसतं. अशा कारणांसाठी उपायाऐवजी खूण ठरवायची: उशीर येतो आहे हे सर्वांत आधी कशावरून कळेल, कुठल्या तारखेला, आणि ते कोण पाहील. इथे खूण अशी: २५ जानेवारीला प्लेटा आपल्या आवारात उतरलेल्या नसतील, तर ठेकेदार त्याच दिवशी दुसऱ्याकडून भाड्याने आणेल, आणि ते भाडं कुणी द्यायचं हे करारात आधी लिहिलेलं असेल. पाहणार शिपाई, कळवणार मुख्याध्यापकांना. ‘प्लेटांवर लक्ष ठेवू’ याला खूण म्हणत नाहीत. तारीख आली की हो किंवा नाही असं उत्तर देता आलं पाहिजे. अशा चार-पाच खुणा पुरतात. पंचवीस केल्या, तर तिसऱ्या आठवड्यापासून कुणी पाहत नाही.

या रीतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत, आणि त्या लपवून ती वापरली तर घात होतो. ती कारणं दाखवते, त्यांची शक्यता सांगत नाही. जी चिठ्ठी रंगतदार असते ती मोठी वाटते. आचारसंहितेवर अर्धा तास चर्चा होते आणि पंख्याच्या बॉक्सवर दोन मिनिटं. म्हणून प्रत्येक चिठ्ठीपुढे दोनच प्रश्न लिहावेत: हे गेल्या दोन-तीन कामांत घडलं होतं का, आणि घडलं तर शेवटची तारीख किती दिवस सरकते? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं पंधरा दिवसांहून जास्त, अशा चिठ्ठ्या आधी घ्याव्यात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस आलं. मग, सगळं जितकं वाईट होऊ शकतं तितकं झालं तर, असं विचारलं. उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. वाईटात वाईट कल्पना करूनही माणूस कमीच पडतो. याचं कारण, तो आपल्याच कामाच्या आत बसून कल्पना करतो. म्हणून चिठ्ठ्यांच्या जोडीला सीमोर फॉक्स यांना विचारलेला तो दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. तालुक्यात गेल्या काही वर्षांत जुन्या इमारतीवर खोल्या चढवलेल्या तीन-चार शाळा गाठाव्या, त्यांना कामाचा पहिला दिवस आणि मुलं वर्गात बसली तो दिवस विचारावा. त्यांना आठ-आठ महिने लागले असतील आणि आपल्या दुरुस्त केलेल्या वेळापत्रकात साडेचारच असतील, तर फळ्यावर अजून काही चिठ्ठ्या यायच्या राहिल्या आहेत असं समजावं.

आणि काही ठिकाणी ही बैठक घेऊच नये. तारीख वरून जाहीर झाली आहे आणि ती कुठल्याही परिस्थितीत बदलणार नाही, कामाचा आवाकाही कमी होणार नाही, असं आधीच ठरलं असेल तर लोकांकडून खरं वदवून घेऊन ते बासनात बांधून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पुढच्या वेळी ते चिठ्ठी कोरी देतील. निदान तीन खोल्यांऐवजी दोन आधी पूर्ण करू, एवढं तरी बदलायची तयारी प्रमुखाकडे हवी.

एका बैठकीत सगळं दिसत नाही, कारण नोव्हेंबरमध्ये रंगारी आणि फरशीवाला ठरलेलेही नसतात. स्लॅब पडल्यानंतरच्या आठवड्यात अर्ध्या तासाची दुसरी फेरी घ्यावी, तीही नव्या माणसांसह. प्रश्न बदलायचा: ‘स्लॅब वेळेवर पडला. तरीही १५ जूनला खोल्या तयार नव्हत्या. का?’ या फेरीत लग्नसराईत सुट्ट्या घेणारे प्लास्टरवाले निघतात, एकाच लॉटची फरशी न मिळाल्याने थांबलेलं काम निघतं, आणि वीजजोडणीसाठीचा भार वाढवण्याचा अर्ज अजून कुणी भरलेलाच नाही, हेही निघतं. तो अर्ज त्याच दुपारी भरता येतो.